बाण कुठल्या दिशेला आहे?

गणपतीच्या आधीचा आठवडा. मुंबई-पुण्याहून कोकणात जाणाऱ्या बसची तिकिटं ऑनलाइन विकणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे, असं समजा. रात्री साडेअकराला बुकिंगचं पान अडकायला लागतं. सीट निवडली की चाक फिरतच राहतं. रात्रपाळीवरची इंजिनिअर बघते तर डेटाबेसची मेमरी संपत आलेली. ती ॲमेझॉनच्या कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर चालवायच्या पानावर जाते. ४ जीबी मेमरीचं `db.t3.medium` काढून १६ जीबीचं `db.r5.large` निवडते आणि बदल लगेच लागू करायला सांगते. डेटाबेस काही मिनिटं बंद पडतो, परत उठतो, आणि तिकिटं सुरळीत विकली जाऊ लागतात. त्याच गडबडीत तिनं आणखी एक गोष्ट केलेली असते. कंपनीचं व्हीपीएन रुसलेलं होतं, म्हणून आतल्या सर्व्हरवर पोचण्यासाठी तिनं तिच्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्यापुरता २२ क्रमांकाचा पोर्ट उघडला. काम झालं, एक वाजता ती झोपली. पोर्ट उघडाच राहिला.

तिनं जे केलं ते बरोबरच केलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना कागदपत्रं भरत बसायचं नसतं. पण या कंपनीचे सगळे सर्व्हर टेराफॉर्मनं उभे केलेले आहेत, आणि टेराफॉर्मला या दोन्ही बदलांचा पत्ता नाही. अशा वेळी ‘ड्रिफ्ट आला’ असं या धंद्यातली माणसं म्हणतात. त्याचं खरं नुकसान त्या रात्री होत नाही. ते होतं काही दिवसांनी, भलत्याच माणसाच्या हातून.

टेराफॉर्म हे हॅशीकॉर्प कंपनीनं २०१४ साली आणलेलं साधन. कन्सोलवर हातानं बटणं दाबत सर्व्हर उभारण्याऐवजी तुम्हाला काय काय हवंय ते साध्या मजकूर-फायलींत लिहायचं: अमुक आकाराचा डेटाबेस, तमुक पोर्ट उघडे, इतके दिवस बॅकअप. मग `terraform apply` ही आज्ञा दिली की ते सगळं ॲमेझॉन, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर उभं राहतं. फायली बदलल्या आणि पुन्हा आज्ञा दिली की तेवढाच फरक लागू होतो. २०२३ मध्ये हॅशीकॉर्पनं परवान्याच्या अटी बदलल्यावर त्यातून ओपनटोफू नावाची वेगळी शाखा निघाली. पुढचं सगळं तिलाही जवळपास तसंच लागू आहे.

यात गोम अशी की टेराफॉर्मच्या जगात एका डेटाबेसची तीन रूपं असतात. पहिलं कोडमधलं, म्हणजे आपल्याला काय हवंय ते. दुसरं स्टेट फाइलमधलं. प्रत्येक कामानंतर टेराफॉर्म या फायलीत नोंद करून ठेवतं की मी काय काय उभं केलं आणि शेवटचं पाहिलं तेव्हा ते कसं होतं. तिसरं रूप प्रत्यक्ष क्लाउडवरचं. ज्यांच्या घरात शेतजमीन आहे त्यांना हे समजवायला नको: सातबाऱ्यावर एक, बांधावर दुसरंच, आणि खरेदीखतात तिसरं. त्या रात्रीनंतर आपल्या कंपनीत कोड म्हणतो मीडियम, स्टेट म्हणते मीडियम, आणि प्रत्यक्षात चालू आहे लार्ज.

चार दिवस असेच जातात. गणपती बसले, गर्दी ओसरली, आता परतीची गर्दी यायची आहे. दरम्यान टीममधल्या दुसऱ्या एका मुलाला सांगितलं जातं की डेटाबेसचे बॅकअप सात दिवसांऐवजी चौदा दिवस ठेव. एका ओळीचं काम. तो कोडमध्ये ७ चे १४ करतो आणि `terraform plan` चालवतो. ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त ‘मी काय करणार आहे’ ते सांगते. सांगण्यापूर्वी ती स्टेटमध्ये नोंदलेली प्रत्येक गोष्ट क्लाउडवर जाऊन नव्यानं बघून येते. म्हणजे रात्रीचा बदल तिला इथे दिसतो. ती तो असा दाखवते:

```
  ~ resource "aws_db_instance" "booking" {
      ~ backup_retention_period = 7 -> 14
      ~ instance_class          = "db.r5.large" -> "db.t3.medium"
    }

Plan: 0 to add, 1 to change, 0 to destroy.
```

शेवटची ओळ नीट वाचा. नवीन काही नाही, एक बदल, काहीही पाडायचं नाही. त्या मुलाला नेमकी हीच ओळ अपेक्षित होती, कारण त्यानं एकच बदल केला होता. टेराफॉर्म मोजतं ते वस्तू, ओळी नव्हे. एकाच डेटाबेसमध्ये एक गोष्ट बदलली काय आणि पाच बदलल्या काय, आकडा एकच येतो. जी टीम फक्त ही शेवटची ओळ बघून मंजुरी देते (आणि अशा टीम पुष्कळ आहेत) तिला यात वावगं काहीच दिसणार नाही. खऱ्या प्लॅनमध्ये या ओळी इतर पन्नास ओळींत दडलेल्या असतात, हेही लक्षात घ्या.

मधली ओळ मात्र सगळं सांगून जाते. बाणाच्या डावीकडे आज प्रत्यक्षात काय आहे, उजवीकडे टेराफॉर्म काय करणार आहे. लार्जकडून मीडियमकडे. टेराफॉर्मच्या दृष्टीनं कोड म्हणजे मालकाची इच्छा. प्रत्यक्ष चित्र त्याहून वेगळं दिसलं की ते प्रत्यक्षाला कोडकडे ओढतं. ते वेगळं का झालं, कुणी आणि कुठल्या अडचणीत केलं, हे ते विचारत नाही. विचारण्याची सोयच त्यात नाही.

समजा, मंजुरी मिळाली आणि `apply` झालं. लगेच काहीच होत नाही! कारण कोडमध्ये `apply_immediately` ही सेटिंग चालू केलेली नाही, आणि ती मुळात बंदच असते. अशा वेळी ॲमेझॉन डेटाबेसचा आकार बदलण्याचं काम पुढच्या देखभालीच्या वेळेपर्यंत राखून ठेवतं. ही वेळ आठवड्यातून एकदा येते आणि ती यूटीसीमध्ये लिहिलेली असते. रविवारी रात्री २२:०० असं लिहिलं असेल तर आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेतीन झालेले असतात. बॅकअप चौदा दिवसांचे झाले, साइट चालू आहे, सगळे खूश. आणि सोमवारी पहाटे, परतीच्या तिकिटांची गर्दी तोंडावर असताना, डेटाबेस स्वतःहून बंद पडतो आणि ४ जीबीवर उठतो. सकाळी कारण शोधणाऱ्यांना रात्री कुणी काही केल्याचा मागमूस सापडत नाही. कारण रात्री कुणी काही केलेलंच नसतं.

म्हणून अनुभवी माणसं बदल करण्यापूर्वी आधी निव्वळ विचारपूस करून घेतात:

```
terraform plan -refresh-only
```

ही आज्ञा कोडशी तुलना करत नाही. ती फक्त इतकंच सांगते की मी शेवटचं पाहिलं तेव्हा असं होतं, आणि आता असं आहे. इथे उत्तर येतं `"db.t3.medium" -> "db.r5.large"`. म्हणजे बाण उलटा! साध्या प्लॅनमध्ये बाण ‘आजपासून कोडकडे’ असतो, या प्लॅनमध्ये ‘जुन्या नोंदीपासून आजकडे’. दोन्ही पाठोपाठ वाचले की नवख्याचा हमखास गोंधळ होतो. आपण कुठली आज्ञा दिली आहे हे बघितल्याशिवाय बाणाचा अर्थ लावू नये, एवढं पाळलं की झालं.

इथेच आणखी एक गैरसमज पिकतो. `terraform apply -refresh-only` अशीही आज्ञा आहे. ती चालवली की नवं वास्तव स्टेटमध्ये नोंदवलं जातं. पुष्कळांना वाटतं की झालं, टेराफॉर्मनं बदल ‘मान्य केला’, आता प्रश्न मिटला. तसं नसतं. नोंद सुधारली, कोड तसाच राहिला. पुढच्या साध्या प्लॅनमध्ये लार्जकडून मीडियमकडे जाणारा बाण जसाच्या तसा पुन्हा उभा. वास्तव मान्य करायचं असेल तर कोडमध्ये हातानं `db.r5.large` लिहावं लागतं. त्याला आडवाट नाही. ते लिहून प्लॅन चालवला आणि `No changes. Your infrastructure matches the configuration.` असं उत्तर आलं की मगच त्या वस्तूपुरता ड्रिफ्ट संपला समजायचं.

मग काय मान्य करायचं आणि काय मागे घ्यायचं, हे ठरवायचं कसं? यासाठी एकच नियम सांगता येणार नाही. आपल्या उदाहरणात सीझन संपेपर्यंत मोठा डेटाबेस हवाच आहे. तेव्हा आज कोडमध्ये लार्ज लिहायचं, आणि दिवाळीनंतर वाटलं तर कोडमधूनच, कामाची वेळ ठरवून, तो लहान करायचा. काही वेळा तर निवडच नसते. समजा त्या रात्री मेमरीऐवजी डिस्क वाढवावी लागली असती, १०० जीबीची २०० जीबी. ॲमेझॉनच्या या डेटाबेस-सेवेत चालू डेटाबेसची डिस्क वाढवता येते, थेट कमी करता येत नाही. कोडमध्ये १०० तसंच राहिलं तर टेराफॉर्म दर वेळी २०० चे १०० करायला जाईल आणि दर वेळी एरर खाऊन परत येईल. इथे कोडनं मुकाट माघार घ्यायची.

इतका वेळ आपण ज्या बदलाबद्दल बोललो तो टेराफॉर्मला निदान दिसला तरी. दुसरा, २२ क्रमांकाच्या पोर्टचा, जास्त वाईट आहे. तो दिसेल की नाही हे कोड कुठल्या पद्धतीनं लिहिलाय यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट टेराफॉर्म रोज वापरणाऱ्या अनेकांनाही माहीत नसते.

ॲमेझॉनवर कुठले पोर्ट कुणासाठी उघडे हे सिक्युरिटी ग्रुप नावाच्या यादीत ठरतं. टेराफॉर्ममध्ये ती यादी दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत सगळे नियम ग्रुपच्या पोटातच, `ingress` नावाच्या भागांत लिहितात. तसं असेल तर टेराफॉर्म ती यादी पूर्ण मानतं. बाहेरून एक नियम वाढला की प्लॅनमध्ये तो काढून टाकण्याची ओळ येते. दुसऱ्या तऱ्हेत ग्रुप वेगळा आणि प्रत्येक नियम `aws_vpc_security_group_ingress_rule` या नावानं स्वतंत्र वस्तू म्हणून लिहितात. आता याच तऱ्हेची शिफारस केली जाते, आणि तिला कारणंही चांगली आहेत. पण मग स्टेटमध्ये स्वतंत्र वस्तू म्हणून नोंद असते ती फक्त टेराफॉर्मनं स्वतः बनवलेल्या नियमांची. टेराफॉर्म नोंदीतल्या एकेका वस्तूपाशी जाऊन ‘तू जागेवर आहेस का’ असं विचारतं. ‘इथे आणखी कोण आहे’ असं ते विचारतच नाही. आपल्या इंजिनिअरनं कन्सोलवरून घातलेला नियम अशी वस्तू म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे साधा प्लॅन निर्धास्तपणे सांगतो, काहीही बदल नाही. हे खोटं नाही. त्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यात खरोखरच बदल नाही.

घरच्या इंटरनेटचा पत्ता बहुधा कायमचा नसतो, राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. म्हणजे जो पत्ता त्या रात्री तिचा होता, तो काही आठवड्यांनी कुणा तिऱ्हाईताचा असेल. आत शिरायला अजून किल्ली लागेल हे खरं, पण दरवाजापर्यंतची वाट मोकळी झाली आणि ती मोकळी आहे हे कुणाच्याच यादीत नाही.

असे बदल पकडायचे तर टेराफॉर्मच्या बाहेर बघावं लागतं. ॲमेझॉनवर क्लाउडट्रेल नावाची नोंदवही आपोआप चालू असते. खात्यात कुणी काय बदललं त्याची प्रत्येक खूण तिथे पडते. पोर्ट उघडल्याची नोंद `AuthorizeSecurityGroupIngress` या नावानं, डेटाबेस बदलल्याची `ModifyDBInstance` या नावानं. सोबत कोण, कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, हे असतं. आणि एक फार उपयोगी रकाना असतो: `userAgent`, म्हणजे हे काम कुठल्या साधनानं केलं. टेराफॉर्मनं केलेल्या कामाच्या या रकान्यात Terraform हा शब्द येतो, कन्सोलवरून केलेल्यात येत नाही. तेव्हा बदलाच्या अशा नोंदींतून हा शब्द नसलेल्या वेगळ्या काढा आणि टीमच्या चॅटवर पाठवायची व्यवस्था करा. टेराफॉर्मचा प्लॅन जे पाहू शकत नाही ते इथे काही मिनिटांत कळतं. थोडी खोटी बोंब होते, कारण ॲमेझॉनच्या स्वतःच्या सेवाही आपापसांत बदल करत असतात. त्या एकदा ओळखून वगळल्या की राहतं ते बहुतेक माणसांचंच काम असतं.

प्लॅनचं काम मात्र रोज रात्री यंत्राकडे सोपवावं:

```
terraform plan -detailed-exitcode -lock=false -input=false
```

या आज्ञेचं उत्तर आकड्यात मिळतं. ० म्हणजे सगळं जुळतंय, १ म्हणजे आज्ञाच फसली, २ म्हणजे फरक आहे. २ आलं की सकाळी टीमला निरोप. `-lock=false` एवढ्यासाठी, की ही तपासणी चालू असताना कुणाचं खरं काम अडू नये. एक पथ्य पाळावं लागतं. तपासणी अशा कोडवर चालवा जो आधीच लागू झालेला आहे. मंजूर झालेला पण अजून लागू न केलेला बदल कोडमध्ये पडून असेल तर रोज सकाळी २ येणार. आठवडाभरात टीम त्या निरोपाकडे बघायचं सोडते आणि खरा ड्रिफ्ट त्यातच वाहून जातो. हे मी तर्कानं सांगत नाही, या तपासण्या बहुतेक ठिकाणी अशाच मरतात.

काही फरक मुद्दाम सोडूनही द्यावे लागतात. गर्दीप्रमाणे सर्व्हरची संख्या आपोआप कमी-जास्त करणारी व्यवस्था असेल तर दुपारी चार सर्व्हर आणि रात्री दोन हे व्हायलाच हवं. टेराफॉर्मनं दर वेळी ते कोडमधल्या आकड्यावर ओढून आणणं चुकीचं. त्यासाठी कोडमध्ये असं लिहितात:

```
lifecycle {
  ignore_changes = [desired_capacity]
}
```

म्हणजे या एका आकड्यात ढवळाढवळ करू नकोस. हे औषध छान आहे, पण त्याची चटक लागते. निरोप त्रास देतोय म्हणून `instance_class` पण या यादीत टाकलं, की त्या दिवसापासून कोड त्या डेटाबेसबद्दल काहीही सांगेनासा होतो. जे यंत्र बदलतं ते इथे लिहावं. जे माणूस बदलतो ते इथे लिहिणं म्हणजे थर्मामीटर फोडून ताप घालवणं.

आता राहतो तो सोपा वाटणारा उपाय: कन्सोलवरून बदल करण्याचे हक्कच सगळ्यांचे काढून घ्या. काढावेतही; रोजच्या कामाला फक्त बघण्याचे हक्क पुरतात. पण शंभर टक्के बंदी घालणाऱ्या कंपनीत त्या रात्री साडेअकराला काय झालं असतं? कोड बदला, कुणाला तरी उठवून मंजुरी घ्या, प्लॅन, मग अप्लाय. तोवर प्रवासी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून मोकळे. म्हणून आणीबाणीसाठी एक वेगळा रोल ठेवतात. तो घेता येतो ठरावीक वेळेपुरता, आणि घेतल्याक्षणी सगळ्या टीमला कळतं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या इंजिनिअरनं झोपण्यापूर्वी चॅटवर दोन ओळी टाकल्या असत्या, की डेटाबेस लार्ज केलाय, २२ उघडलाय, सकाळी कोडमध्ये घेते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रात्री एक वाजता दमलेल्या माणसाच्या आठवणीवर हे सोडणं बरं नाही. निरोप आपोआप जायला हवा.

तुमच्या कंपनीत असा निरोप अजून जात नसेल आणि जुने बदल शोधायचे असतील तर क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत उलट जाऊन बघता येतं, एकेका रीजनचं वेगवेगळं. तिथे मागचे फक्त ९० दिवस असतात. त्यापलीकडचं हवं असेल तर ट्रेल आधीपासून चालू करून नोंदी स्वतःच्या एस-थ्री बकेटमध्ये साठवलेल्या असाव्या लागतात.